प्रत्येकाच्या घड्याळातलं वेळापत्रक: एका ऑनलाइन परिषदेची पूर्वतयारी

परिषद तीन दिवसांची होती: शनिवार २५, रविवार २६ आणि सोमवार २७ ऑक्टोबर २०२५. ती पूर्णपणे ऑनलाइन होती. आयोजक बर्लिनमधले होते, पण वक्ते आणि श्रोते टोकियोपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरलेले. माझ्याकडे काम एवढंच होतं की कोणीही, कुठूनही वेळापत्रकाचं पान उघडलं, तर त्याला प्रत्येक सत्र त्याच्याच घड्याळाप्रमाणे दिसावं.

तारखा पाहताच मी आयोजकांना एक गोष्ट सांगितली. युरोपातली उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरतं तासभर पुढे ठेवलेलं घड्याळ, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते, आणि २०२५ मध्ये तो रविवार म्हणजे २६ तारीख, परिषदेचा दुसरा दिवस. त्या पहाटे बर्लिनची घड्याळं तीनवरून पुन्हा दोनवर जाणार होती. अमेरिकेत हाच बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, म्हणजे त्या वर्षी २ नोव्हेंबरला. जपानमध्ये उन्हाळी वेळ पाळतच नाहीत. त्यामुळे 'रोज सकाळी नऊला पहिलं सत्र' हे वाक्य फक्त बर्लिन आणि त्याच्याबरोबर घड्याळ बदलणाऱ्या शहरांपुरतं खरं होतं. न्यूयॉर्कच्या माणसाला तेच सत्र शनिवारी पहाटे ३ वाजता आणि रविवारी पहाटे ४ वाजता होतं. टोकियोत शनिवारी दुपारी ४ आणि रविवारी संध्याकाळी ५. एकदाच फरक मोजून तो तिन्ही दिवसांना लावणारं पान शनिवारी बरोबर चाललं असतं आणि रविवारी तासभर चुकलं असतं.

कार्यक्रम समितीकडून जो तक्ता आला, त्यात प्रत्येक वेळेपुढे CET लिहिलेलं होतं. सीईटी म्हणजे मध्य युरोपची हिवाळी वेळ, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. शनिवारी बर्लिनमध्ये ती वेळ चालूच नव्हती. तेव्हा उन्हाळी वेळ होती, यूटीसीच्या दोन तास पुढे. तक्ता अक्षरशः वाचला तर शनिवारचं प्रत्येक सत्र बर्लिनच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा तासभर उशिरा पडलं असतं. मी संयोजक बाईंना विचारलं, "मॅडम, शनिवारी नऊ म्हणजे तुमच्या टेबलावरच्या घड्याळात नऊ ना?" त्या म्हणाल्या, "अहो, दुसरं कुठलं असणार?" मला नेमकं हेच उत्तर हवं होतं. मग त्या रकान्यातली सगळी आद्याक्षरं काढून तिथे `Europe/Berlin` हे टाइमझोनचं नाव ठेवलं. आद्याक्षरांवर विसंबता येत नाही. CST अमेरिकेच्या मध्य भागालाही म्हणतात आणि चीनच्या वेळेलाही. IST भारतात एक, आयर्लंडमध्ये दुसरं आणि इस्राएलमध्ये तिसरं. `Europe/Berlin` या नावामागे मात्र त्या ठिकाणचा घड्याळबदलांचा पूर्ण इतिहास आणि पुढचे नियम असतात. ती माहिती आयाना या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमध्ये आहे, आणि बहुतेक फोन, ब्राउझर आणि सर्व्हर शेवटी तिच्यावरच चालतात.

पुढचा प्रश्न होता की साठवायचं काय. अनेकजण सांगतात की सगळं यूटीसीमध्ये साठवा आणि विषय संपवा. होऊन गेलेल्या घटनेसाठी ते मला पटतं, पण पुढच्या कार्यक्रमासाठी नाही. समितीने ठरवलं होतं 'बर्लिनच्या घड्याळात नऊ'. यूटीसीमधले सात हा त्या निर्णयाचा आजच्या नियमांनी काढलेला निष्कर्ष आहे, आणि नियम बदलू शकतात. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने उन्हाळी वेळ सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी ती पुढे ढकलली आणि काही दिवसांत निर्णय मागेही घेतला. त्या आठवड्यात टाइमझोन डेटाबेसची आवृत्ती लेबनॉनसाठी बदलली आणि लगेच पूर्ववत झाली. तेव्हा ज्यांनी आपल्या कार्यक्रमाची फक्त यूटीसी वेळ साठवली असेल, त्यांना मूळ निर्णय काय होता हे त्या नोंदीवरून शोधताच आलं नसतं. म्हणून मी मूळ नोंदीत तीनच गोष्टी ठेवल्या: स्थानिक तारीख-वेळ, टाइमझोनचं नाव आणि सत्राचा कालावधी मिनिटांत. यूटीसी वेळ दर वेळी पान तयार करताना नव्याने काढायची.

कालावधी ठेवायचा आणि संपायची वेळ ठेवायची नाही, यामागे कारण होतं. शनिवारी रात्री एक कार्यशाळा होती. तक्त्यात २३:०० ते ०४:०० लिहिलेलं, म्हणजे वाचणाऱ्याच्या मते पाच तास. पण त्या रात्री दोन ते तीन हा तास बर्लिनमध्ये दोनदा येणार होता, म्हणजे प्रत्यक्षात सहा तास. समितीला विचारल्यावर कळलं की पाचच तास अभिप्रेत आहेत, कारण मार्गदर्शकाला त्यानंतर थांबणं शक्य नव्हतं. मी नोंदीत ३०० मिनिटं लिहिली आणि शेवट सर्व्हरवर पायथनमध्ये काढला. इथे पायथनची एक पद्धत माहीत असावी लागते. एकाच टाइमझोनच्या वेळेत मिनिटं मिळवली, तर ते भिंतीवरच्या घड्याळाची बेरीज करतं, प्रत्यक्ष उलटलेल्या वेळेची नाही.

```python
from datetime import datetime, timedelta, timezone
from zoneinfo import ZoneInfo

berlin = ZoneInfo("Europe/Berlin")
d = timedelta(minutes=300)
start = datetime(2025, 10, 25, 23, 0, tzinfo=berlin)

print(start + d)
print((start.astimezone(timezone.utc) + d).astimezone(berlin))
```

पहिली ओळ ०४:०० दाखवते, दुसरी ०३:००, आणि बरोबर दुसरीच. आधी यूटीसीमध्ये जायचं, तिथे बेरीज करायची आणि मग परत यायचं. आता पानावर बर्लिनच्या माणसाला '२३:०० ते ०३:००' दिसू लागलं. ते बरोबर असलं तरी चार तासांचं वाटतं. म्हणून प्रत्येक सत्रापुढे कालावधी शब्दांत लिहिला: '५ तास'. या एका रात्रीसाठी खाली छोटी ओळ टाकली की घड्याळ मध्येच एक तास मागे जाईल.

त्याच रात्री याहून अवघड एक सत्र होतं. सिडनीच्या एका वक्त्याचं व्याख्यान तक्त्यात 'रविवार ०२:३०, बर्लिन' असं होतं. त्या पहाटे बर्लिनमध्ये अडीच दोनदा वाजणार होते, पहिल्यांदा उन्हाळी वेळेतले आणि तासाभराने हिवाळी वेळेतले. पायथनमध्ये या दोन क्षणांना `fold` या खुणेने वेगळं करतात. शून्य म्हणजे पहिला, एक म्हणजे दुसरा.

```python
for f in (0, 1):
    t = datetime(2025, 10, 26, 2, 30, tzinfo=berlin, fold=f)
    print(t.astimezone(timezone.utc))
# 2025-10-26 00:30:00+00:00
# 2025-10-26 01:30:00+00:00
```

खूण दिली नाही तर पायथन गुपचूप पहिला क्षण धरतो आणि कुठलीही चूक दाखवत नाही. मला हे गुपचूप धरणं नको होतं. म्हणून तक्ता वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्येच तपासणी घातली: `fold` शून्य आणि एक ठेवून यूटीसी वेगवेगळी येत असेल, तर पान तयार करणं थांबवायचं आणि माणसाला विचारायचं. ही तपासणी वसंतातल्या उलट प्रकारालाही पकडते. तेव्हा घड्याळ पुढे उडी मारतं आणि काही वेळा अस्तित्वातच नसतात. तिथेही दोन उत्तरं वेगळी येतात. समितीने वक्त्याला विचारलं. त्यांनी त्यांच्या घड्याळात सकाळी साडेअकरा धरले होते. सिडनी तेव्हा यूटीसीच्या अकरा तास पुढे असल्याने ते ००:३० यूटीसी झालं, म्हणजे पहिले अडीच. त्या सत्राची नोंद मी `Australia/Sydney` मध्ये ११:३० अशी करून टाकली. तिथे त्या दिवशी काहीच संदिग्ध नव्हतं. वेळ ज्याच्या घड्याळावरून ठरली, त्याच्याच टाइमझोनमध्ये ती लिहून ठेवणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं.

इथवर सर्व्हरची बाजू झाली. ब्राउझरकडे प्रत्येक सत्राची सुरुवात आणि शेवट यूटीसीमध्ये, मागे यूटीसीची खूण म्हणून Z लावून पाठवले, उदाहरणार्थ `2025-10-25T07:00:00Z`. हा एक Z गळला, तर जावास्क्रिप्ट ती वेळ पाहणाऱ्याच्या स्थानिक घड्याळातली समजतं. मग टोकियोतही सात दिसतात आणि न्यूयॉर्कमध्येही सात. पान व्यवस्थित दिसतं, चूक कुठेच नोंदवली जात नाही, आणि बनवणाऱ्याचा संगणकच यूटीसीवर चालत असेल तर त्याला कधी कळतही नाही. ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे संगणकाचा टाइमझोन बदलून पान पुन्हा उघडणं. आकडे हलले नाहीत, तर वेळ कुठेतरी उघडी सुटली आहे.

पाहणाऱ्याचा टाइमझोन ब्राउझरच सांगतो:

```js
const tz = Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone;
```

यासाठी ठिकाणाची परवानगी मागावी लागत नाही. आयपी पत्त्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण व्हीपीएन वापरणाऱ्याचा पत्ता भलत्याच देशातला दिसतो, पण त्याच्या यंत्राचं घड्याळ सहसा खरं असतं. तरी याला मर्यादा आहेत. गोपनीयतेसाठी काही ब्राउझर खरा टाइमझोन लपवतात. कार्यालयाच्या दूरच्या संगणकावर काम करणाऱ्याला त्या संगणकाचा टाइमझोन मिळतो. आणि काही माणसं परिषदेच्या दिवशी प्रवासात असतात. तेव्हा पान काय धरून चाललं आहे ते सगळ्यांत वर स्पष्ट लिहिलं: 'वेळा टोकियोच्या घड्याळाप्रमाणे', आणि शेजारी 'बदला' असं बटण. बटणामागे शहराच्या नावाने शोधता येणारी यादी होती. यादी जुळवताना एक बारकावा लक्षात ठेवावा लागला. एकाच टाइमझोनची जुनी आणि नवी नावं असतात. काही ब्राउझर `Asia/Kolkata` ऐवजी अजून `Asia/Calcutta` परत देतात. यादीत एकच नाव असेल, तर तिथल्या माणसाला 'टाइमझोन सापडला नाही' असं दिसेल. दोन्ही नावं ओळखायची आणि दाखवायचं नवं.

आता दिवसांच्या मथळ्यांबद्दल. सगळ्यात जास्त विचार मला इथेच करावा लागला.

आयोजकांच्या मनात वेळापत्रक म्हणजे चौकटींचा तक्ता होता: आडव्या ओळीत दालनं, उभ्या रकान्यात तास आणि वर 'पहिला दिवस, शनिवार'. रात्रीची खास सत्रं सोडली, तर बर्लिनमध्ये शनिवारचा कार्यक्रम सकाळी ९ ते रात्री ११ असा नीट एका दिवसात बसत होता. ऑकलंडमध्ये तोच कार्यक्रम शनिवारी रात्री ८ ला सुरू होऊन रविवारी सकाळी १० ला संपत होता. चौकटी तशाच ठेवून फक्त आकडे बदलले असते, तर 'शनिवार' या मथळ्याखाली सकाळी ९ चं एक सत्र दिसलं असतं, जे ऑकलंडच्या माणसासाठी रविवारी सकाळी ९ ला होतं. तो शनिवारी सकाळी नऊला येऊन बसला असता, पूर्ण चोवीस तास आधी. तास बरोबर असून तारीख चुकलेलं वेळापत्रक जास्त फसवतं, कारण बरोबर तास पाहून माणसाचा विश्वास बसलेला असतो.

म्हणून चौकटींचा तक्ता सोडून दिला. समितीला तो फार आवडत होता, त्यामुळे पटवायला वेळ लागला. ऑकलंडची दोन पानं शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा कुठे मान्य झालं. त्याऐवजी साधी उभी यादी केली, पाहणाऱ्याच्या तारखेप्रमाणे गट पाडून. ऑकलंडमध्ये तीन दिवसांची परिषद चार तारखांवर पसरली, आणि ते तसंच दिसायला हवं. पण चर्चेत लोक 'पहिल्या दिवशीचं तिसरं सत्र' असंच म्हणत राहतात. म्हणून परिषदेचा दिवस मथळ्यातून काढून प्रत्येक सत्रावरच्या छोट्या पट्टीत नेला. आणि गट पाडताना तारीख यूटीसीच्या मजकुरातून कापून घ्यायची नाही, ती पाहणाऱ्याच्या टाइमझोनमध्ये रूपांतर केल्यावरच काढायची.

लॉस एंजेलिसने आणखी एक पेच टाकला. बर्लिनचे शनिवारी सकाळचे नऊ म्हणजे तिथे बरोबर मध्यरात्र. पान दाखवत होतं 'शनिवार २५ ऑक्टोबर, रात्री १२:००'. यात गणिताची चूक नाही, पण बहुतेक माणसं हे वाचून शनिवारचा दिवस संपल्यावरची रात्र समजतात. आम्ही मध्यरात्रीच्या सत्रांपुढे वेगळी ओळ दिली: 'शुक्रवारची रात्र संपून शनिवार सुरू होताना'. चोवीस तासांच्या पद्धतीतही इथे काळजी लागते. `hour12: false` दिल्यावर काही भाषांच्या मांडणीत मध्यरात्र ००:०० ऐवजी २४:०० अशी छापली जाते, आणि मग गोंधळ दुप्पट होतो. त्याऐवजी `hourCycle: 'h23'` दिलं की ००:०० मिळतं.

मग जुनी यंत्रं. ब्राउझरला टाइमझोनचं नाव बरोबर माहीत असतं, पण त्या नावामागचे नियम त्याच्याकडे शिळे असू शकतात. मेक्सिकोने बहुतेक भागातली उन्हाळी वेळ २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रद्द केली. त्यानंतर अद्ययावत न झालेल्या फोनला अजून वाटतं की मेक्सिको सिटीत उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालते. आमच्या तारखांवर याचा परिणाम विचित्र होता. शनिवारचं पहिलं सत्र तिथे रात्री १ ला होतं, पण जुना फोन २ दाखवणार. रविवारी त्याच्या जुन्या हिशेबानेही उन्हाळी वेळ संपलेली, त्यामुळे त्या दिवशीची सत्रं बरोबर. एका चाचणी करणाऱ्याने नेमकं हेच कळवलं: पहिल्या दिवशी तासाचा फरक आणि पुढे सगळं ठीक. फक्त आमच्या पानावरच चूक शोधली असती, तर ती सापडली नसती.

यावर उपाय असा केला की ब्राउझरकडून फक्त टाइमझोनचं नाव घ्यायचं आणि फरक मात्र आमच्या सर्व्हरवरचा वापरायचा. परिषदेच्या दिवसांपुरतं बघितलं तर बहुतेक टाइमझोनना यूटीसीपासूनचा एकच फरक लागतो, आणि त्या दिवशी घड्याळ बदलणाऱ्यांना, मुख्यतः युरोपातल्यांना, दोन: घड्याळबदलाच्या आधीचा आणि नंतरचा. जुन्या-नव्या नावांसकट सगळ्यांची यादी केली, तरी ती पानाबरोबर सहज पाठवता येते. सर्व्हरवरची टाइमझोन माहिती ताजी ठेवणं आमच्या हातात होतं, लोकांचे फोन नव्हते. यंत्राचा फरक आणि आमचा फरक जुळला नाही, तर पानावर ओळ उमटे: 'तुमच्या उपकरणाचं घड्याळ कदाचित जुन्या नियमांवर चालत आहे. सुरू व्हायला उरलेला वेळ पाहा.'

हा उरलेला वेळ, 'सुरू व्हायला १ तास २० मिनिटे', प्रत्येक सत्रावर होता, आणि माझ्या मते पानावरचा सगळ्यात भरवशाचा आकडा तोच. त्याला टाइमझोन लागत नाही, उन्हाळी वेळ लागत नाही, तारीख लागत नाही. उपकरणाचं घड्याळच चुकीचं असेल तरी तो बिघडू नये म्हणून 'आत्ता किती वाजले' हेही सर्व्हरकडूनच घेतलं. त्याच्या खाली बारीक अक्षरात बर्लिनची वेळ ठेवली होती. दोन माणसं एकमेकांशी बोलताना कुठल्या तरी एका घड्याळावर एकमत व्हायला ती उपयोगी पडली.

चाचणीसाठी सगळं जग घ्यायची गरज नसते, नीट निवडलेली ठिकाणं पुरतात. मी बर्लिन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि ऑकलंड घेतली, आणि त्यांच्याबरोबर काठमांडू, कारण तिथला यूटीसीपासूनचा फरक ५ तास ४५ मिनिटांचा आहे. फक्त पूर्ण तास धरून चालणारा कोड तिथे लगेच उघडा पडतो. शनिवारचे बर्लिनचे नऊ तिथे १२:४५ आणि रविवारचे १३:४५ यायला हवेत. हे अपेक्षित आकडे मी कागदावर हाताने काढले आणि मगच पानाशी ताडून पाहिले. त्याच लायब्ररीने काढलेलं उत्तर त्याच लायब्ररीशी ताडण्यात काही अर्थ नसतो.

शेवटी कॅलेंडरची फाइल. लोक पान एकदा पाहतात आणि सत्र आपल्या कॅलेंडरमध्ये टाकून मोकळे होतात, म्हणून ही फाइल पानाइतकीच महत्त्वाची. तिच्यात वेळा यूटीसीमध्ये दिल्या, शेवटी Z लावून:

```
DTSTART:20251026T003000Z
DTEND:20251026T011500Z
```

फाइलमध्ये टाइमझोनचं नाव देता येतं, पण मग त्याचे नियमही फाइलमध्येच जोडावे लागतात, आणि निरनिराळी कॅलेंडरं ते निरनिराळ्या प्रकारे वाचतात. यूटीसीचा अर्थ सगळीकडे एकच लागतो. पण एकदा उतरवून घेतलेली फाइल त्यानंतर बदलत नाही, त्यामुळे एखाद्या सत्राची वेळ हलली तर जुनी वेळ लोकांच्या कॅलेंडरमध्ये तशीच राहते. म्हणून उतरवण्याच्या बटणाआधी 'कॅलेंडरला जोडून ठेवा' हा पर्याय दिला. जोडलेलं कॅलेंडर अधूनमधून स्वतः ताजी फाइल मागतं. प्रत्येक सत्राला `UID` ही एक कायमची ओळखखूण दिली आणि बदल झाला की `SEQUENCE` हा आवृत्तीचा आकडा एकाने वाढवला, म्हणजे तेच सत्र नव्या वेळेवर सरकतं आणि जुन्याशेजारी दुसरं उभं राहत नाही. जोडलेलं कॅलेंडर किती वेळाने पुन्हा विचारेल हे मात्र त्या कॅलेंडरवर अवलंबून असतं. काही ठिकाणी त्याला कित्येक तास लागतात. त्यामुळे परिषद सुरू झाल्यावर हललेल्या वेळा समितीने ईमेलनेही कळवायच्या असं ठरलं. त्या ईमेलमध्ये बर्लिनची वेळ, यूटीसी आणि पानावरच्या त्या सत्राचा दुवा, एवढंच असे.